‘बरं.’ आणि ‘बरं गं’
लेखांक ४ : पूर्णविराम आणि एका शब्दाचं उत्तर

छापील मजकुरात वाक्य कुठे संपलं हे पूर्णविरामामुळे कळतं. चॅटमध्ये ते काम पाठवण्याच्या बटणानेच होतं, कारण प्रत्येक संदेश आपल्या चौकटीत वेगळा दिसतो आणि चौकट संपली की वाक्यही संपतं. अशा ठिकाणी कोणी टिंब दिलं, तर त्याची गरज उरलेली नसते. मग ते मुद्दाम दिलं असावं असं वाचणाऱ्याला वाटतं आणि तो त्यात स्वर शोधतो. पूर्णविरामाशी जोडलेला स्वर खाली उतरणारा, विषय मिटवणारा असतो. म्हणून ‘ठीक आहे’ हा होकार वाटतो, तर ‘ठीक आहे.’ हे बोलणं थांबवल्यासारखं वाटतं.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. १२६ विद्यार्थ्यांना आमंत्रणं आणि त्यांना आलेली एका शब्दाची उत्तरं वाचायला दिली. मोबाइलवरच्या संदेशात पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिली, तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणजे टिंब तेच राहिलं, तरी माध्यम बदलताच त्याचा अर्थ बदलला. हा प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांवरचा आहे. घरातल्या सगळ्या वयाच्या माणसांना तो जसाच्या तसा लागू होत नाही.

मराठीत या कोरडेपणाला आणखी एक कारण आहे. बोलताना मराठी माणूस नुसतं ‘हो’ क्वचितच म्हणतो. ‘हो गं’, ‘हो रे’, ‘हो ना’, ‘येते हं’ असे छोटे शब्द मागे येतात, नाहीतर ‘हो आई’, ‘हो काका’ असं नातं जोडलं जातं. या शब्दांनी माहितीत भर पडत नाही, पण समोरच्याकडे पाहून बोलल्याची खूण पटते. टाइप करताना घाईत आधी तेच गळतात. आवाजाचा हेलही नसतो, त्यामुळे उरलेला ‘हो’ उघडा पडतो.

समजा, पुण्यात नोकरी करणारी मुलगी साताऱ्याला आईला लिहिते : ‘आई, या शनिवारी यायला जमेल असं वाटत नाही. ऑफिसचं काम संपलेलं नाही. रागावू नकोस ना.’ आईचं उत्तर येतं : ‘बरं.’ मुलीला वाटतं, आई रुसली. प्रत्यक्षात आईचा एक हात कणकेत असतो. शिवाय वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसेल तर शाळेत गुण कापले जात, ती सवय बोटांत मुरलेली असते. बऱ्याच फोनवर स्पेसचं बटण दोनदा दाबलं की टिंब आपोआपही पडतं.

पण घोटाळा एकट्या टिंबाने झालेला नाही. मुलीच्या संदेशात तीन गोष्टी होत्या : बातमी, कारण आणि रागावू नकोस ही विनवणी. ‘बरं’ने बातमीची पोच मिळाली, पण विनवणी तशीच राहिली. आईने ‘बरं गं, काम आटप आधी. पुढच्या शनिवारी ये’ एवढंच लिहिलं असतं, तर तिन्ही गोष्टींना उत्तर मिळालं असतं. इथे मध्ये पूर्णविराम आहे, पण तो खटकत नाही, कारण तो दोन वाक्यं वेगळी करण्याचं त्याचं मूळ काम करतो आहे.

यावरून मऊपणा आणायची रीत कळते. एका शब्दाच्या उत्तराला टिंब देऊ नये. त्या शब्दाला ‘गं’, ‘रे’, ‘हं’ किंवा नात्याची हाक जोडावी. मोठ्यांना ‘रे’, ‘गं’ चालत नसेल तर ‘हो बाबा’, ‘हो आत्या’ पुरतं. विचारणाऱ्याच्या बोलण्यातला एखादा शब्द उत्तरात परत यावा : ‘औषध घेतलं का?’ याला ‘हो’पेक्षा ‘हो, घेतलं जेवल्यावर’ हे उत्तर जवळचं वाटतं. हात रिकामे नसतील तर ‘कणीक मळतेय, नंतर बोलते’ एवढं कळवलं तरी उत्तर लहान का आहे ते समजतं. निधनाच्या किंवा आजाराच्या बातमीवर मात्र पूर्णविरामाचा गंभीर स्वर योग्यच ठरतो.

वाचणाऱ्यानेही अर्थ लावण्याआधी त्या माणसाचे जुने संदेश पाहावेत. वडील वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही ‘धन्यवाद.’ असं उत्तर देत असतील, तर त्यांचं टिंब ही लिहिण्याची सवय आहे. एरवी ‘हो गं बाळा’ लिहिणारी आई अचानक ‘हो.’ लिहू लागली, तर तो बदल बोलका असतो. अशा वेळी त्या टिंबाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा फोन करावा, कारण लिहिताना गळालेला हेल फोनवर लगेच ऐकू येतो.