मोबाइलवरील मंजुरी व अंकजुळणी : थकलेल्या वापरकर्त्याचा प्रश्न

प्रस्तावना :
पासवर्ड चोरीस गेला तरी खाते सुरक्षित राहावे, यासाठी द्विस्तरीय पडताळणी रूढ झाली. तिच्या एका प्रकारात पासवर्ड बरोबर भरला जाताच खातेदाराच्या मोबाइलवर ‘मंजूर’ की ‘नामंजूर’ अशी विचारणा येते. ही पद्धत कोठे अपुरी पडते व अंकजुळणीने तीत कोणता फरक पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मंजुरी का फसते? :
‘मंजूर’ हे बटण दाबण्यासाठी कोणतीही माहिती असावी लागत नाही. लॉगिन करणारी व्यक्ती आणि मंजुरी देणारी व्यक्ती एकच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. जयसिंगपूरमधील एखाद्या प्राध्यापकाला परीक्षेच्या काळात दिवसातून अनेकदा अशी विचारणा येते, असे मानू. त्या सर्व खऱ्या असल्याने बोट सवयीने ‘मंजूर’कडे वळते. रात्री उशिरा एकामागून एक विचारणा येऊ लागल्या, तर त्या थांबविण्याचा सोपा मार्गही तेच बटण ठरते. हल्लेखोराला दहा नकारांनी फारसे नुकसान होत नाही. त्याला एकच होकार पुरतो.

उबर कंपनीचे उदाहरण :
सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती पडला. त्याने वारंवार लॉगिनचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्याने प्रारंभी मंजुरी दिली नाही. परंतु अखेर एक विचारणा स्वीकारली गेली आणि हल्लेखोर अंतर्गत प्रणालीत शिरला. आपण माहिती तंत्रज्ञान विभागातील असल्याचे भासवून व्हॉट्सअॅपवरून त्या कर्मचाऱ्याशी संपर्क साधल्याचा दावा हल्लेखोराने नंतर केला.

अंकजुळणीची रचना :
या पद्धतीत लॉगिनच्या पडद्यावर दोन अंकी संख्या दिसते व ती मोबाइलवर भरावी लागते. लॉगिन हल्लेखोराने सुरू केले असेल, तर संख्या त्याच्याच पडद्यावर दिसते. खातेदाराला ती ठाऊक नसते. त्यामुळे सवयीने अथवा वैतागून मंजुरी देता येत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर अॅपमधील अशा विचारणांसाठी मे २०२३ पासून अंकजुळणी सक्तीची केली.

मर्यादा :
हल्लेखोराने दूरध्वनी करून ती संख्या सांगितली, तर खातेदार ती भरू शकतो. तसेच बनावट संकेतस्थळ खऱ्या लॉगिनची संख्या जशीच्या तशी दाखवू शकते. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली पासकी अशा बनावट पत्त्यावर चालत नाही. म्हणून ती अधिक भक्कम ठरते.

निष्कर्ष :
स्वतः लॉगिन केलेले नसताना विचारणा आली, तर पासवर्ड बहुधा अन्य कोणाला कळला आहे, असे समजावे. केवळ ‘नामंजूर’ दाबणे तेव्हा पुरेसे नाही. पासवर्ड त्वरित बदलून प्रणाली सांभाळणाऱ्यास कळविणे आवश्यक ठरते. वापरकर्त्याचा थकवा गृहीत धरूनच पडताळणीची रचना झाली पाहिजे.