हळदीचा वायदा : माल कोणाचा, जोखीम कोणाची?

वायदेबाजार म्हटला की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे सट्टा उभा राहतो. ही शंका निराधार नाही. तरीही या बाजारात दोन निरनिराळी माणसे वावरतात. एकाकडे माल आहे आणि त्याला भाव पडण्याची धास्ती आहे. दुसऱ्याकडे मालच नाही. तो केवळ भावावर पैसा लावतो. हा फरक आम्ही हळदीच्या उदाहरणाने मांडत आहोत. सांगलीला हळदीच्या वायद्यांची जुनी परंपरा आहे. आज हे सौदे एनसीडीईएक्स या राष्ट्रीय वायदेबाजारात संगणकावर होतात. भाव क्विंटलचा असतो आणि एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा असतो.

समजा, सांगलीकडील एका शेतकऱ्याची १०० क्विंटल हळद जानेवारीत अजून शेतातच आहे. काढणी, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश होऊन ती एप्रिलमध्ये विक्रीला येईल. एप्रिलच्या वायद्याचा भाव आज १४,००० रुपये आहे. शेतकरी दलालामार्फत दोन सौदे विकतो. एप्रिलमध्ये भाव १२,००० वर उतरला, तर बाजारात त्याच्या हळदीचे १२ लाख येतात. पण १४,००० ला विकलेला वायदा १२,००० ला परत घेतल्याने २ लाख सुटतात. एकूण १४ लाख. उलट भाव १६,००० झाला, तर हळदीचे १६ लाख येतात आणि वायद्यात २ लाख जातात. एकूण पुन्हा १४ लाखच. म्हणजे त्याने तोटा टाळला, पण तेजीचा नफाही सोडून दिला.

आता दुसऱ्या बाजूला कोण? पुण्यातील एखादा मसाला कारखानदार असू शकतो. त्याने दुकानदारांना पाकिटाचा भाव बांधून दिला आहे. त्याला हळद महागण्याची भीती आहे, म्हणून तो तेच दोन सौदे विकत घेतो. भाव पडला तर वायद्यात त्याचे २ लाख जातात. पण मार्केट यार्डात हळद तेवढीच स्वस्त मिळते. शेतकऱ्याला १४,००० मिळाले, कारखानदाराला १४,००० पडले. दोघेही निर्धास्त.

मात्र ही जोडी नेहमी जुळत नाही. शेतकऱ्याला जानेवारीत विकायचे असते, कारखानदाराला कदाचित मे महिन्यात घ्यायचे असते. मधली पोकळी सटोडिया भरतो. त्याच्याकडे ना शेत, ना गोदाम. भाव पडला तर शेतकऱ्याचे २ लाख त्याच्याच खिशातून येतात. चढला तर तोच ते नेतो. शेतकऱ्याची जोखीम नाहीशी झालेली नसते, ती त्याच्याकडे गेलेली असते.

खरी अडचण रोजच्या हिशोबात आहे. सौदा करताना अनामत भरावी लागते आणि भाव विरुद्ध गेला की फरक रोज रोख चुकवावा लागतो. वरील शेतकऱ्याचेच पाहा. फेब्रुवारीत वायदा १५,००० झाला, तर १ लाख रुपये तेव्हाच भरावे लागतात, आणि हळद तर अजून वाळते आहे. पैसे न भरल्यास दलाल सौदा कापतो. पुढे एप्रिलमध्ये भाव १२,००० वर आला, तर हातात १२ लाख उणे १ लाख, म्हणजे ११ लाखच उरतात. वायदा न करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षाही कमी! शिवाय वायद्याचा मूळ भाव निजामाबादच्या मालाचा आहे. सांगलीचा भाव त्याहून वेगळा राहिला, तर त्या फरकाला संरक्षण नाही.

आमच्या वाचकांसाठी आणखी एक प्रश्न आहेच. १९९२ साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने माल आणि किंमत दोन्ही उधार ठेवणारे असे वायदे नाजायज ठरवले. पर्याय म्हणून ‘सलम’ आहे. त्यात मालाचा दर्जा, वजन, तारीख ठरते आणि पूर्ण किंमत सौद्याच्या वेळीच शेतकऱ्याच्या हाती पडते. भाव बांधला जातो, रोजचा फरक भरावा लागत नाही. मात्र शेतकऱ्याने माल दिला नाही तर ती जोखीम खरेदीदाराची. आपापल्या व्यवहाराबाबत उलेमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

वायदा संरक्षणाचा आहे की सट्ट्याचा, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. विकलेले क्विंटल घरातल्या किंवा शेतातल्या क्विंटलपेक्षा जास्त नाहीत ना, आणि माल विकला त्याच दिवशी वायदाही मिटवला ना, हे वहीत पाहावे. १०० क्विंटलवर तिसरा सौदा विकला, की ते वरचे ५० क्विंटल सट्ट्याचे झाले.