कोऱ्या खळग्याला रंग येतो तेव्हा

फेरिटिन हे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खबर देणारे प्रथिन. एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात ते मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमच्या खाली आले की लोहाची कमतरता आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. इतके अल्प प्रथिन मोजण्याची एक पद्धत म्हणजे एलायझा. ती १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी मांडली.

प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ छोटे खळगे असतात. त्यांच्या तळाला फेरिटिन पकडणारी अँटीबॉडी चिकटवतात आणि उरलेली मोकळी जागा दुसऱ्या एखाद्या प्रथिनाने झाकतात. मग रक्ताचा सीरम घालतात. पकडल्या गेलेल्या फेरिटिनवर एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी बसते. प्रत्येक टप्प्यानंतर खळगे धुतात. शेवटी घातलेल्या द्रावणाला एन्झाइम रंग आणते. फेरिटिन जितके जास्त, तितका रंग गडद.

पण यंत्र रंग मोजते, नॅनोग्रॅम नाही. म्हणून त्याच प्लेटवर ०, १०, ५०, २०० अशी ठाऊक प्रमाणे ठेवून प्रमाण-वक्र काढतात आणि रुग्णाचा आकडा त्यावरून वाचतात. वक्र दोन्ही टोकांना सपाट होतो. विश्वास ठेवायचा तो मधल्या चढावर.

समजा, शून्य फेरिटिनच्या खळग्याचे वाचन ०.०६ आणि १० नॅनोग्रॅमचे ०.२६ आले. प्लेट उत्तम. दुसऱ्या दिवशी मात्र शून्याच्या दोन खळग्यांत ०.३८ आणि ०.६२ येतात, १० नॅनोग्रॅमला ०.७०. सरासरी ०.५० वजा करून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तराजूचा पासंग काढता येतो, डुलणारा काटा थांबवता येत नाही. इथे शून्याच्याच दोन वाचनांत ०.२४ चा फरक आहे आणि शून्य ते दहा हे अंतर जेमतेम ०.२०. या प्लेटला ५ आणि १५ यांतला भेद दिसणारच नाही. नेमका तिथेच निदानाचा उंबरठा आहे. प्लेट पुन्हा लावावी.

त्याआधी दोष शोधावा. एका खळग्यात फक्त रंगाचे द्रावण घालावे. तेही निळे झाले तर द्रावणातच एन्झाइम मिसळले आहे. ते स्वच्छ राहिले आणि फेरिटिन नसलेल्या खळग्यात दुसरी अँटीबॉडी घातल्यावरच रंग आला, तर ती प्लास्टिकला चिकटते आहे किंवा धुणे कमी पडते आहे.

याहून फसवा प्रकार वेगळाच. काही रुग्णांच्या रक्तातल्याच अँटीबॉडी चाचणीच्या दोन अँटीबॉडींना जोडून टाकतात आणि फेरिटिनशिवाय रंग येतो. शून्याचा खळगा स्वच्छ, वक्र देखणा, आणि लोह संपत आलेल्या बाईचा अहवाल ‘४०, सामान्य’. अशी शंका आल्यास सीरम दुप्पट पातळ करून पुन्हा मोजतात. खरे फेरिटिन असेल तर २० च्या आसपास उत्तर यायला हवे. ३५ आले, तर तो आकडा अहवालात जाऊ देऊ नये.