सही करण्यापूर्वी ताब्याची तारीख वाचा

फ्लॅटचा करारनामा पन्नास-साठ पानांचा असतो आणि सही मात्र पाच मिनिटांत होते. सगळी पाने वाचणे जमले नाही, तर निदान ताब्याचे कलम तरी नीट वाचा. इतर अटींचे वजन तिथेच कळते.

त्या कलमात दिवस, महिना आणि वर्ष लिहिलेले हवे. ‘बांधकाम परवानगीपासून ३६ महिने’ असे लिहिले असेल, तर नेमकी तारीख घालून घ्या. ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रानंतरचा ताबा, हेही स्पष्ट हवे. ‘फर्निचरच्या कामासाठी’ म्हणून आधीच चावी देणे म्हणजे ताबा नव्हे. महारेराच्या नोंदणीत पूर्णत्वाची तारीख पुढची असली, तरी तुमच्या करारातली तारीख त्यामुळे पुढे जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

आता भरपाई. समजा, फ्लॅट साठ लाखांचा आहे, तुम्ही ४८ लाख भरले आहेत आणि ताबा चौदा महिने लांबला. करारात ‘दरमहा चौरस फुटाला पाच रुपये’ असेल, तर ६०० चौरस फुटांना महिना तीन हजारच होतात. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मात्र भरलेल्या रकमेवर व्याज मिळते. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के अधिक असतो. हिशेबापुरता तो दहा टक्के धरला, तर महिना चाळीस हजार, चौदा महिन्यांचे ५ लाख ६० हजार होतात. तुमचा हप्ता थकला तर बिल्डर जो दर लावतो, तोच दर त्यालाही लागू आहे. करारात दोन वेगळे दर दिसले, तर तिथेच थांबा.

कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचा आकडा वेगळा लिहिलेला आहे ना, ते पाहा. नमुना करारात क्षेत्रफळातील फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. क्षेत्र कमी भरले, तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत मिळायला हवेत.

शेवटी, करार रद्द करणे. तुम्ही स्वतःच्या अडचणीमुळे माघार घेतली, तर करारातली कपात लागू होते. ती किती टक्के आहे, ते आधीच पाहून ठेवा. पण ताबा लांबला म्हणून बाहेर पडलात, तर कलम १८ प्रमाणे पूर्ण रक्कम व्याजासह मागता येते. म्हणून पत्रात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. करारातली तारीख आणि झालेला विलंब लिहा. बिल्डरने छापून दिलेल्या रद्द-अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातले कारणही वाचा.

आणि एक लक्षात ठेवा : करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही. तोपर्यंत कलमे बदलून मागणे सोपे असते; पैसे गेल्यावर ते अवघड होते.