आंबा खाल्ला, पोळी खाल्ली

‘आय केम होम अँड एट अ मँगो.’ शाळकरी पोरानेही सहज मराठीत आणावं असं वाक्य. पण पहिल्याच क्रियापदाशी थांबावं लागतं, कारण बोलणारा पुरुष असेल तर तो घरी ‘आलो’ म्हणेल आणि बाई असेल तर ‘आले’. इंग्रजी वाक्य याचा पत्ता लागू देत नाही.

गंमत म्हणजे दुसऱ्या क्रियापदाशी हा पेच आपोआप सुटतो. खाणारं कोणीही असो, ‘मी आंबा खाल्ला’. आता चौकशी आंब्याची करायची. त्याच्या जागी पोळी असेल तर खाल्ली, केळं असेल तर खाल्लं, दोन आंबे असतील तर खाल्ले. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला सोडून कर्माचा हात धरतं. वर्तमानकाळात असं होत नाही. तिथे राम आंबा खातो आणि सीता खाते.

याचं मूळ संस्कृतात आहे. ‘रामेण फलं खादितम्’ म्हणजे रामाकडून फळ खाल्लं गेलेलं. ‘खादितम्’ हे फळाचं विशेषण, म्हणून त्याचं लिंग फळाचं. हा विशेषणाचा स्वभाव आपल्या ‘खाल्ला-खाल्ली-खाल्लं’मध्ये टिकून आहे. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘तू पोळी खाल्लीस’मध्ये मात्र ‘ली’ पोळीची आणि शेवटचा ‘स’ तुझा. दोघांचाही मान राखणाऱ्या या रूपाला व्याकरणकारांनी ‘संकर’ असं नाव दिलं आहे.

कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कर्मालाही सोडतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. हा भावे प्रयोग. ‘आय सॉ द गर्ल’चं भाषांतर ‘मी मुलगी पाहिली’ असं केलंत, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट कांदेपोह्यांची बशी येते. रस्त्यात दिसली असेल तर ‘मी मुलीला पाहिलं’ म्हणणंच बरं.

मराठी नव्याने शिकणारा हमखास ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. ‘रामाने’मधला ‘ने’ कर्ता बाजूला झाल्याची खूण देतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना तो लागतच नाही. शिवाय विसरणे, शिकणे, नेसणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याशीच इमान राखतात. ‘ती पातळ नेसली’. पातळ नपुंसकलिंगी असूनही ‘नेसलं’ होत नाही.

शंका आली तर ‘मी’च्या जागी रामाला बसवून पाहावं. ‘राम छत्री विसरला’ यात ‘ने’ आला नाही, म्हणून पुरुष म्हणेल ‘मी छत्री विसरलो’ आणि बाई म्हणेल ‘विसरले’. ‘रामाने छत्री हरवली’ यात तो आला, म्हणून दोघांचीही छत्री ‘हरवली’च.