टाकी धुण्याचा दिवस आणि संध्याकाळी साडेसहाचा मेसेज

‘सोमवारी संध्याकाळी ६:३०.’ सोसायटीच्या सेक्रेटरीबाई फोनमध्ये ही वेळ लावून मोकळ्या होतात. टाकी धुण्याचा मेसेज तेव्हा आपोआप ग्रुपवर जाणार असतो. टेलिग्रामवर मेसेज लिहून पाठवण्याचं बटण दाबून धरलं की Schedule Message हा पर्याय येतो; दिवस आणि वेळ निवडली की काम झालं. पण साडेसहाच का? सकाळी आठ का नाही, रात्री दहा का नाही? याचं उत्तर फोनमध्ये नसून इमारतीच्या दोन टाक्यांमध्ये आहे.

उदाहरणासाठी ठाण्यातली एक सात मजली इमारत धरू. एका मजल्यावर चार, अशी एकूण २८ घरं आणि घरटी चार माणसं धरली तर ११२ माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ हिशोब. म्हणजे इमारतीला रोज साधारण १५ हजार लिटर पाणी लागतं. महापालिकेचं पाणी संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात येतं आणि जमिनीखालच्या २५ हजार लिटरच्या टाकीत पडतं. तिथून पंपाने ते गच्चीवरच्या १२ हजार लिटरच्या टाकीत चढतं. घरातल्या नळाला येतं ते या वरच्या टाकीतलं पाणी.

धुताना आधी खालची टाकी घ्यावी लागते. वरची आधी धुतली तर खालचा गाळ पंपाबरोबर पुन्हा धुतलेल्या टाकीत जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी खालची टाकी गरजेपुरतीच भरू देतात आणि मग वॉचमन येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतो. मंगळवारी सकाळी नऊपर्यंत जमेल तेवढं पाणी वर चढवलं जातं. तळाशी फूटभर गढूळ पाणी उरतं, ते मड पंपाने उपसतात. दुपारपर्यंत खालची टाकी धुऊन होते आणि तोवर घरांना वरच्या टाकीतून पाणी मिळत राहतं. एक वाजता वरच्या टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद होतो.

आता मेसेजच्या वेळेकडे येऊ. समजा, तो मंगळवारी सकाळी नऊला आला. त्या वेळी वर १२ हजार लिटर आहे आणि खालून नवीन पाणी चढणार नाही. नऊ ते एक या वेळात नेहमीच्या वापराला चार हजार लिटर लागतात असं धरू. त्यात घाबरून प्रत्येक घराने बादल्या, पिंप, टब मिळून ३०० लिटर भरून ठेवलं, तर २८ घरांचे ८,४०० लिटर होतात. बेरीज १२,४०० झाली. एक वाजायच्या आधीच टाकी रिकामी होते आणि कामावरून उशिरा उठलेल्या किंवा मेसेज न पाहिलेल्या घरांना थेंबही मिळत नाही.

हाच मेसेज आदल्या संध्याकाळी साडेसहाला आला, तर महापालिकेचं पाणी चालू असतं. घरोघरी पिंपं भरली गेली तरी पंप लावून वरची टाकी पुन्हा भरता येते. रात्री दहापर्यंत थांबलं तर पाणी येऊन गेलेलं असतं आणि खालचा व्हॉल्व्हही बंद झालेला असतो. साडेसहा ही वेळ अशी ठरते. त्याच्या दोन-तीन दिवस आधी एक छोटी सूचना गेलेली बरी, कारण कुणाकडे पाहुणे येणार असतात, कुणाच्या घरी आजारी माणूस असतो.

मजकुरातही दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे ‘उद्या’ हा शब्द. सोमवारचा मेसेज मंगळवारी सकाळी वाचणाऱ्याला ‘उद्या’ म्हणजे बुधवार वाटतो. दुसरी म्हणजे टाकी धुण्याची वेळ आणि पाणी बंद राहण्याची वेळ एकच समजली जाते. धुणारी माणसं चार वाजता निघून जातात, म्हणून मेसेजमध्ये ‘१ ते ४’ लिहिलं जातं आणि साडेचारपासून सेक्रेटरींचा फोन वाजत राहतो. खरं तर चार वाजता दोन्ही टाक्या कोरड्या असतात. साडेपाचला पाणी येणार, पंपाचा फूट व्हॉल्व्ह बुडेल इतकं ते साठायला वेळ जाणार, मग ते वर चढणार. त्यानंतर ब्लीचिंग पावडर पडते. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे दहा हजार लिटरला २५ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत ओततात आणि निदान अर्धा तास थांबतात. तेव्हा नळ सुरू व्हायला आठ वाजतात.

हे सगळं धरून मेसेज असा होतो:

‘मंगळवार, दि. १४ : दोन्ही टाक्या धुतल्या जातील. पाणी बंद : दुपारी १ ते रात्री ८. लागेल तेवढं पाणी आज संध्याकाळीच भरावं. १४ तारखेला दुपारी घराबाहेर पडताना सगळे नळ बंद असल्याची खात्री करावी. गीझर बंद ठेवावा. सुरुवातीचं पाणी प्यायला किंवा फिल्टरला घेऊ नये.’

नळाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोरडा नळ उघडून पाहिला, पाणी नाही म्हणून तसाच सोडून माणूस बाहेर गेला, की रात्री आठला पाणी सुरू होतं आणि बेसिनमध्ये भांडी अडकलेली असली तर खालच्या घराच्या छतातून ते टपकू लागतं.

वेळ लावलेल्या मेसेजचा खरा धोका वेगळाच आहे. सोमवारी दुपारी कंत्राटदाराचा फोन येतो : मशीन बिघडलं, गुरुवारी येतो. सेक्रेटरी वॉचमनला कळवतात, कमिटीला कळवतात आणि रांगेत ठेवलेला मेसेज विसरतात. टेलिग्रामवर तो सर्व्हरवर असतो, त्यामुळे फोन बंद असला तरी साडेसहाला जातोच. २८ घरं पाणी भरून बसतात आणि गुरुवारच्या खऱ्या मेसेजवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून कंत्राटदाराशी शेवटचं बोलणं सोमवारी पाचच्या सुमारास व्हावं आणि त्यात बदल निघाला तर सगळ्यात आधी तो मेसेज काढून टाकावा.

वेळ कमी करण्यासाठी घाई मात्र करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची जमिनीखालची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. बंद टाकीत श्वासाला पुरेशी हवा नसू शकते आणि ते वरून डोकावून कळत नाही. झाकणं आधीपासून उघडी ठेवणं, पंख्याने हवा आत सोडणं, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर लक्ष ठेवणारा माणूस, यासाठी लागणारा वेळ त्या ‘१ ते ८’ मध्ये धरलेलाच असायला हवा. सोसायटीच्या वॉचमनला टाकीत उतरवू नये.

एक मेसेज मात्र वेळ लावून ठेवायचा नसतो : ‘पाणी सुरू झालं.’ आठची वेळ आधीच लावली आणि त्या दिवशी महापालिकेचं पाणी उशिरा आलं, तर लोक कोरडे नळ उघडून बघत राहतात. म्हणून हा मजकूर लिहून तयार ठेवतात, पाठवत नाहीत. व्हॉल्व्ह उघडल्यावर वॉचमन सातव्या मजल्यावर जातो, कारण टाकीच्या अगदी खाली असल्याने तिथे दाब सगळ्यात कमी असतो आणि पाइपात अडकलेली हवा तिथेच जास्त त्रास देते. नळ आधी फुसफुसतो, थोडं गढूळ पाणी थुंकतो आणि मग धार सरळ होते. वॉचमन जिन्यातूनच फोन लावतो, ‘ताई, वर आलं पाणी.’ मग सेक्रेटरी पाठवण्याचं बटण दाबतात.