मुरूम काढा, खड्डा सौम्य करा

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात चेहऱ्याचा जवळून फोटो काढायची वेळ बहुधा लग्नाच्या बायोडाटामुळे येते. सोबत आलेल्या घरच्यांचं सांगणं ठरलेलं असतं, "चेहरा जरा साफ करून द्या." त्यांना वाटतं, चेहऱ्यावरचं सगळं एकाच प्रकारचं आहे आणि कॉम्प्युटरवर एकाच ब्रशने निघतं.

तसं नाही. ताजा मुरूम म्हणजे लाली आणि थोडी सूज. काही दिवसांत तो आपोआप जातो, त्यामुळे फोटोतून पूर्ण काढला तरी माणूस तोच राहतो. मुरूम गेल्यावर मागे राहणारा तपकिरी डाग हा फक्त रंग आहे, तिथली त्वचा सपाटच असते. खड्ड्याला मात्र बहुतेक वेळा स्वतःचा रंगच नसतो. एका कडेला पडलेली सावली आणि समोरच्या कडेला उजळ रेघ, एवढ्यावरच तो दिसतो. तो कायमचा आहे आणि ओळखीचा भाग आहे.

तिन्हींतला फरक नजरेला कळत नसेल तर फोटोशॉपमध्ये Ctrl+3 दाबून फक्त लाल चॅनेल बघावा. मुरमाची लाली तिथे जवळजवळ नाहीशी होते, तपकिरी डागही फिके पडतात. जे तरीही ठळक दिसतं ते खड्डे आणि उंचवटे. Ctrl+2 दाबलं की रंगीत फोटो परत येतो.

दुसरा गैरसमज असा की गाल धूसर केला की खड्डे जातात. धूसर केल्याने आधी जातात ती रोमछिद्रं आणि बारीक लव. रुंद, उथळ खड्ड्याची सावली मोठी असते, ती तशीच मागे राहते. मग गाल मेणाचा आणि त्यावर मळकट ढग, असं काहीतरी दिसू लागतं. शेजारच्या नाकावर छिद्रं स्पष्ट आणि गालावर एकही नाही, हे दिसलं की काम बिघडलं समजावं.

खड्डे दाखवतो किंवा लपवतो तो प्रकाश. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या, गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (1980) ओम पुरींचा चेहरा आठवा. त्यांचे व्रण देवीचे होते, पण प्रकाशाचा नियम तोच. कडेने घासून येणारा प्रकाश प्रत्येक खळगा कोरून काढतो, समोरून येणारा मोठा, मऊ प्रकाश त्याच खळग्यात शिरून सावली भरतो.

समजा, पंचविशीतला एक मुलगा आहे. हनुवटीवर दोन ताजे मुरूम, गालांवर जुने खड्डे. खिडकी त्याच्या एका बाजूला आहे, म्हणून खड्डे ठळक दिसतात. अशा वेळी कॉम्प्युटरकडे वळण्याआधी त्याला खिडकीकडे तोंड करून बसवावं, अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरावा आणि फोटो पुन्हा काढावा. निम्मं काम इथेच होतं.

मग मुरूम. वेगळ्या कोऱ्या लेयरवर, मुरमापेक्षा किंचित मोठा हीलिंग ब्रश घ्यावा आणि नमुना हनुवटीवरूनच उचलावा. तिथे दाढीचे खुंट असतील तर नमुन्यातही हवेत. गालाची त्वचा हनुवटीवर आणली तर तेवढाच तुकडा गुळगुळीत दिसतो.

खड्ड्यांना हा ब्रश लावू नये. त्यांच्यासाठी पन्नास टक्के करड्या रंगाने भरलेला, सॉफ्ट लाइट पद्धतीचा लेयर घ्यावा. मऊ पांढऱ्या ब्रशचा फ्लो दोन-तीन टक्के ठेवून फक्त सावलीची कोर हळूहळू उजळावी आणि समोरची उजळ रेघ काळ्या ब्रशने थोडी दाबावी. अशाने त्वचेचा पोत जिथल्या तिथे राहतो. खड्ड्याच्या जागी फिकट ठिपका दिसू लागला तर हात जास्त पडला. काम शंभर टक्के झूमवर करावं, पण निर्णय पूर्ण चेहरा पडद्यावर मावल्यावर घ्यावा. शेवटी लेयरचा जोर साधारण साठ टक्क्यांवर आणावा, म्हणजे खड्डे दिसतात पण नजर तिथे अडत नाही.

हे सगळं कॉम्प्युटरमुळे आलं, हाही गैरसमजच. जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह खालून उजेड दिलेल्या तिरक्या मेजावर ठेवून टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करत. सावलीची जागा निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटवर ती उजळते. काही गडद करायचं तर धारदार पात्याने निगेटिव्हवरचा थर खरवडत. आजचा पांढरा आणि काळा ब्रश तेच काम करतात.

ओळखपत्राच्या आणि पासपोर्टच्या फोटोत मात्र यातलं काहीच करू नये. बायोडाटासाठी फोटो काढायला जाल तेव्हा "चेहरा साफ करा" म्हणू नका. "मुरूम काढा, खड्डे नुसते सौम्य करा" असं सांगा. पाहायला येणारी माणसं दोन दिवसांनी तोच चेहरा समोरासमोर बघणार आहेत.